तासातला बैल (कथा)

कडवंची

गुलब्या नांगराच्या तिसऱ्या तासाला बसला. पाय घसरून पडला असं नाही. आधी पुढचे गुडघे टेकले, मग मागचं अंग सोडलं. जू एका बाजूने खाली ओढलं गेलं, तसा हौशा मान वाकडी करून उभा राहिला. भावाने हाकललं, शेपटी पिरगाळली. बैल हलेना.

"शिवळ काढ आधी," अण्णा बांधावरून ओरडले. "हौशाला फास बसंल."

शिवळ काढली, जुपणी सोडली. गुलब्या पाच-सात मिनिटांनी आपसूक उठला आणि बाभळीच्या सावलीला जाऊन उभा राहिला. माळाच्या त्या तुकड्याला वरून खालपर्यंत ताली आहेत, ट्रॅक्टर आत शिरला तरी वळत नाही. बाकीचं रान भाड्याच्या ट्रॅक्टरने होतं, हे मात्र बैलांचंच. त्या दिवशी ते तसंच राहिलं.

रात्री जेवणं झाल्यावर भावाने विषय काढला. "विकून टाकू. दोन्ही."

"हौशाला काय झालंय?" आई म्हणाली.

"एकटा बैल काय कामाचा?"

खरी मेख तिथेच होती. आमच्याकडे लोखंडी नांगर आहे, माती उजवीकडे पलटवणारा. त्यामुळे उजवीकडचा बैल आधीच्या तासात, म्हणजे वीतभर खालून चालतो आणि डावीकडचा कोऱ्या जमिनीवरून. गुलब्या पहिल्यापासून तासातला. हौशा डावीकडचा. त्याला उजवीकडे जुंपलं तर तो सारखा आत रेलतो आणि तास वाकडं जातं. म्हणजे नवा बैल आणायचा तर हौशाच्या उंचीचा, त्याच्याच चालीचा, लालकंधारी नसला तरी तेवढ्याच बांध्याचा, आणि वर उजवीकडे चालणारा. असा बैल कोण विकतो? ज्याच्याकडे आहे तो विकत नाही.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. त्याने गुलब्याचा खालचा ओठ खाली ओढून दात पाहिले, खांद्यावरून हात फिरवला, पाठीमागे जाऊन उभा राहिला. मग कोणी विचारलेलं नसताना म्हणाला, "शेतकऱ्यालाच देणार हो. दुसरीकडं नाही जायचा."

अण्णा म्हणाले, "कोणत्या शेतकऱ्याला? तासात बसणारा बैल कोण घेतो?"

तो हसला. त्याने आकडा सांगितला, तेव्हा आई उठून आत गेली. व्यापारी चहा न घेता गेला.

मग काकांनी एका गोशाळेत फोन लावला. तिकडून सांगितलं, जागा नाही, पावसाळ्यानंतर बघू, आणि आणलाच तर वर्षाची वैरण सोबत द्या. काका चिडले. अण्णा म्हणाले, "वर्षाची वैरण असती तर त्यांना कशाला फोन लावला असता?"

चार दिवस घरात कोणी धड बोललं नाही. भाऊ रोज कडब्याच्या पेंढ्या मोजायचा आणि मोजतोय हे दिसेल असा मोजायचा. एका संध्याकाळी वहिनी गव्हाण झाडत होती. तिने ओंजळीत काहीतरी धरून आणलं आणि अण्णांपुढे ओट्यावर ठेवलं. लिंबाएवढे, लाळेने ओले, चघळून टाकलेले कडब्याचे गोळे. पाच-सहा होते.

"हे गुलब्याच्या बाजूला रोज पडतात," ती म्हणाली. "दिवाळीपासून. हौशाच्या बाजूला एक पण नाही."

अण्णांनी एक गोळा उकलला. आत कडब्याचं धाट जसंच्या तसं, नुसतं मऊ झालेलं.

"सांगायचं नाही का?" भाऊ म्हणाला.

"कोणाला? तुम्ही पेंढ्या मोजत होता."

त्या रात्रीपासून गुलब्याला कडबा कुट्टी करून मिळू लागला, बोटाच्या पेरापेक्षा बारीक, दोन-तीन तास पाण्यात भिजवून, वर मूठभर पेंड. महिनाभरात बरगड्या जराशा बुजल्या. नांगराला तो परत लागणार नाही, हे डॉक्टरांनी त्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं. उजव्या पुढच्या पायाचा सांधा गेलाय.

हौशाचं वेगळं जमलं. बांधाशेजारच्या मामांचा एक बैल मागच्या पावसाळ्यात सर्पदंशाने गेला होता. त्यांचाही एकटाच. सावड करायची ठरली. पण मामांचा बैल निघाला डावीकडचाच! दोघांतल्या एकाला बाजू बदलायला लागणार होती. मामांचा लहान, सहादाती, म्हणून त्याला शिकवायचं ठरलं. रोज सकाळी दोघांना जू लावून मागे नुसता लाकडाचा ओंडका ओढायला लावत होते. मामांचा बैल सारखा तासातून वर चढायचा आणि मामा त्याला अशा शिव्या द्यायचे की आई कानावर पदर घ्यायची.

गुलब्याचं काय, हे कोणी मोठ्याने बोललं नाही. एका संध्याकाळी भाऊ गंजीकडे बघत उभा होता. म्हणाला, "होळीपर्यंत पुरंल."

"मग होळीला बघू," अण्णा म्हणाले.

भाऊ गोठ्यात गेला. मी मागून पाहिलं, तो अंधारात गव्हाणीच्या तळाशी हात फिरवून गोळे चाचपत होता.

---

माळावरचा

कथा आवडली. व्यापाऱ्याचं न विचारता बोलणं तर अगदी ओळखीचं. पण बैलाचं वय कुठेच दिलेलं नाही. शिंगावरची वलयं मोजली असती तर कळलं असतं, वर्षाला एक वलय. बारा वलयं म्हणजे बारा वर्षांचा बैल, मग त्याच्याकडून नांगराची अपेक्षाच करू नये.

सह्यकडा

बैल द्यायचा असेल तर कळवा. आमच्याकडे चिखलणीला एक कमी आहे. उंची किती आहे आणि पाण्यात चालतो का? वाहतुकीचं मी बघतो.

कडवंची

@सह्यकडा, अहो कथा आहे ही! आणि असता तरी चिखलात कसा चालवणार त्याला, पुढचा पाय गेलाय त्याचा.

सह्यकडा

अरेच्चा. मी शेवटून वाचत आलो. माफ करा. हौशा तरी?

पेन्शनर डॉक्टर

एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, म्हणून थोडं लांबण लावतो.

@माळावरचा, वलयांचं तुम्ही म्हणता ते गाईच्या बाबतीत निम्मं खरं आहे. पहिलं वलय साधारण तिसऱ्या वर्षाला दिसतं, म्हणून वलयं मोजून त्यात दोन मिळवतात. बैलाच्या शिंगावर मात्र विसंबू नका. एक तर वलयं तितकी स्पष्ट उमटत नाहीत, आणि पोळ्याला नाहीतर बाजाराआधी शिंगं साळतात, तेव्हा पुसूनच जातात. बाजारात जुना माणूस दातच बघतो. आदत, दुसा, चौसा, सहादाती आणि मग जुळलेला. साडेचार-पाच वर्षांत खालचे आठही दात येतात. त्यानंतर मोजायला काही उरत नाही, नुसती झीज बघायची. दात आखूड होतात, एकमेकांपासून सुटतात, शेवटी खुंट राहतात. तिथून पुढे "बारा" आणि "चौदा" यातला फरक सांगणारा माणूस अंदाजच सांगतोय असं समजा.

पण या कथेतली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे ते गोळे. पुढचे दात सगळ्यांना दिसतात, कारण ओठ खाली केला की दिसतात. चावायचं काम दाढांचं असतं आणि दाढा कोणी बघत नाही. दाढ झिजून तिला धार आली, किंवा एखादी पडून समोरची वाढली, की बैल चघळतो, त्याला दुखतं, आणि तो गोळा टाकून देतो. लोक म्हणतात, खातो तर भरपूर पण अंगाला लागत नाही. त्याचं शेण हातात घेऊन बघा. नीट चावणाऱ्या बैलाच्या शेणात धाटाचे लांब तुकडे नसतात. याच्या शेणात बोटाएवढे सापडतील. दाढेला धार असेल तर डॉक्टर कानस लावून ती घासतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम. कथेत ते झालं की नाही, कळलं नाही.

आणखी एक. म्हातारा बैल कामाला नको म्हणाला, की "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, शिंगं बघा. सारखं डोकं झटकणं, एकच शिंग झाडाला घासणं, एकाच नाकपुडीतून रक्ताळ शेंबूड, शिंगाच्या बुडाशी हात लावला तर गरम आणि मऊ. हा शिंगाचा कर्करोग असतो आणि तो बैलांमध्येच जास्त दिसतो. शिंग कलायच्या आधी आलात तर कापून बैल वाचतो. शिंग लोंबायला लागल्यावर आणलेले बहुतेक मी परत पाठवले आहेत.

रुद्राक्षी

सगळं ठीक, पण मला या कथेचा राग आला. ज्या बैलाने जन्मभर पोसलं, त्याचा "हिशेब" कसला? पेंढ्या मोजणारा तो भाऊ! विकायचा विचार मनात येतोच कसा? आणि गोशाळेला बदनाम करायचं कारण काय? त्या चालवणाऱ्यांना विचारा.

खर्डेघाशा

रुद्राक्षीताई, पेंढ्या मोजणाऱ्याला नावं ठेवू नका, वर्षाच्या शेवटी गंज त्यालाच पुरवायची असते. चारशे किलोचा बैल दिवसाला आठ-नऊ किलो सुकी वैरण खातो, काम करो वा न करो. वर्षाला तीन टन धरा. पाच एकर कोरडवाहूवाल्याने ती कुठून आणायची? त्यातून आता सोयाबीन आल्यापासून ज्वारी कमी, म्हणजे कडबाच कमी. आधी कडबा संपतो, मग बैल विकायचा विचार येतो. माया कमी झालेली नसते.

गोशाळेचंही तेच आहे. त्यांनाही कडबा कुठूनतरी आणावाच लागतो. "वर्षाची वैरण द्या" म्हणाले त्यात त्यांचं काय चुकलं?

आणि कायद्याचं कोणी बोलत नाही. महाराष्ट्राच्या १९७६ च्या पशुरक्षण कायद्यात म्हाताऱ्या बैलाला दाखला मिळवून कत्तलीला पाठवता यायचं. दुरुस्ती १९९५ ची, तिला राष्ट्रपतींची संमती २०१५ मध्ये मिळाली, आणि तेव्हापासून बैल आणि वळूही कत्तलबंदीत आले. पाच वर्षांपर्यंत कैद. म्हणून आता विकता येत नाही.

विळी

@खर्डेघाशा, शेवटचं वाक्य तेवढं दुरुस्त करा. बैल विकायला बंदी नाही, बाजार दर आठवड्याला भरतातच. कत्तलीसाठी विकायला, घ्यायला आणि त्यासाठी न्यायला बंदी आहे. फरक कागदावर सोपा आहे. बाजारात मात्र म्हाताऱ्या बैलाचं गिऱ्हाईकच संपलं, कारण घेणाऱ्याने "शेतीला" असं सांगितलं तरी त्याला कोणी विचारतं की हा नांगर कसा ओढणार. म्हणूनच तो व्यापारी न विचारता बोलला. कथेत ते अर्धवट सोडलंय, आणि मला ते तसंच बरं वाटलं.

(माझा धंदा वकिलीचा. सल्ला फुकट दिला, लगेच त्यावर खटला लढवायला जाऊ नका.)

रुद्राक्षी

मग शेतकऱ्याने काय करायचं? रस्त्यावर सोडायचा? आमच्या इकडे हायवेवर रात्री बसलेले असतात, ते कोणाचे असतात?

खर्डेघाशा

कोणाचे तरी असतात. माझ्याही एका पाहुण्याचे असतील. मी त्याला विचारलेलं नाही.

बांधावरून

कथा वाचून आमचा बैल आठवला. आम्ही त्याला ठेवला, अभिमानाने ठेवला. पण ठेवणं म्हणजे काय, हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितो.

तीन वर्षं ठीक गेली. मग एका थंडीत तो बसला आणि उठेना. पहिल्या दिवशी वाटलं, दमलाय. दुसऱ्या दिवशी चौघांनी पोटाखालून पोती घालून उचलला, मिनिटभर उभा राहिला आणि परत बसला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि आधी आम्हाला झापलं, कारण तो दोन रात्री एकाच कुशीवर होता. एवढं वजन एकाच बाजूला पडलं की खालच्या पायाचा मांसल भाग चेंगरून मरतो, मग मूळ दुखणं बरं झालं तरी पाय उचलत नाही. दर चार तासांनी कूस बदलायची, असं सांगितलं. फरशीवरून हलवून मऊ मातीवर वीतभर पाचट घालून त्यावर ठेवला. आडवा पडू द्यायचा नाही, दोन्ही बाजूंना मातीची पोती लावून छातीवर बसता ठेवायचा, नाहीतर पोट फुगतं.

रात्री अकराला, तीनला आणि सातला आम्ही दोघं भाऊ उठायचो. मागचे पाय पोटाखाली घालायचे, एकाने शेपटीच्या बुडाला धरायचं, एकाने खांद्याला, आणि लोटायचं. एकोणीस दिवस. नितंबाला जखमा झाल्या, त्यात एकदा अळ्या निघाल्या. विसाव्या दिवशी सकाळी गेला. खरं सांगतो, मला आधी सुटल्यासारखं वाटलं, रडू दुपारी आलं.

त्यामुळे "होळीला बघू" म्हणणाऱ्या अण्णांना मी हसणार नाही.

पेन्शनर डॉक्टर

@बांधावरून, तुम्ही जे केलंत ते नीट केलंत. एक जोडतो, वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या उपयोगी पडेल. अशा बैलाला दुखणं कमी व्हावं म्हणून सुई देतात, तेव्हा कोणती देतायत ते विचारा. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. ती सुई दिलेलं जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या निकामी होतात. आपल्याकडची गिधाडं मुख्यतः त्यानेच गेली. मेलॉक्सिकॅम चालतं. माणसांच्या दुकानातून स्वतः आणून टोचू नका, एवढंच.

दयामरणाबद्दल कोणी विचारायच्या आत सांगतो, तो निर्णय पशुवैद्यकाने समोर जनावर बघून घ्यायचा असतो. इथे लिहून ठरत नाही.

माळावरचा

दातांचं पटलं. मी आजवर वलयं मोजून दोन बैल घेतलेत. दोन्ही शिंगं छान गुळगुळीत होती... आता कळलं.

मामांच्या बैलाबद्दल विचारायचं होतं. बाजू बदलायला शिकतो का खरंच? आमच्याकडे म्हणतात की एकदा बाजू बसली की बसली.

बांधावरून

सहादाती असेल तर शिकतो, जुळलेल्याला जड जातं. ओंडक्याने सुरुवात केली ते बरोबर. नांगराला थेट जुंपलं तर तासात उतरायला घाबरतो. आम्ही आधी नुसता कुळव दिला, कुळवाला तास नसतं, दोन्ही बैल एका पातळीवर चालतात. नुसत्या बाजूची सवय झाली की मग नांगर. तीन आठवडे तरी धरा. आमच्याकडे सावडीला वारंगुळा म्हणतात, आणि भांडणं त्यातच होतात. पेरणीला पाऊस एकाच दिवशी दोघांच्या रानात पडतो, आधी कोणाचं रान? ते आधीच ठरवून घ्यावं.

विळी

कथेबद्दलच बोलू का जरा? वहिनीला सगळ्यात जास्त माहीत होतं आणि तिच्या वाट्याला तीन वाक्यं आली. दिवाळीपासून वैशाखापर्यंत ती रोज ते गोळे झाडून टाकत होती. त्या सहा महिन्यांची कथा मला वाचायला आवडली असती.

कडवंची

@विळी, हे लागलं. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तिने सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

आता थोडं मान्य करते. कथा म्हणून टाकली, पण नव्वद टक्के घरचंच आहे. सह्यकडा, तुम्ही इतके चुकला नव्हता.

डॉक्टर, दाढ घासली नव्हती. तुमचं वाचून काल भावाला फोन केला, तर तो म्हणाला, वहिनीने मागच्या महिन्यातच डॉक्टरांना बोलावून घासून घेतली. उजव्या बाजूच्या एका दाढेला धार होती, गालाला आतून जखम होती. आता गोळे कमी पडतात, दोन-तीन दिवसांनी एखादा. शिंगंही तपासायला सांगितली आहेत.

@बांधावरून, पेरणीचं भांडण होऊन गेलं. मामांचं आधी झालं, आमचं दोन दिवसांनी, मधे पाऊस आला आणि वाफसा गेला. भाऊ अजून बोलत नाही त्यांच्याशी, पण बैल रोज नेतो.

होळी होऊन गेली. कडबा अजून आहे, कारण आईने ओसरीतली गंज कोणाला न सांगता वेगळी ठेवली होती. गुलब्या सध्या उठताना दोनदा प्रयत्न करतो, पूर्वी एकदाच करायचा. भाऊ ते मोजतो.

पेन्शनर डॉक्टर

तीनदा व्हायला लागलं की कळवा. आणि गोठ्यात फरशी असेल तर आत्ताच माती टाकून घ्या, तेव्हा धावपळ नको.